मशीनवर लॉट 'पास', तरी पार्टी माल का नाकारते? रंगाचा फरक मोजायची आणि हद्द ठरवायची पद्धत

इचलकरंजी आणि हातकणंगले परिसरातल्या प्रोसेसमध्ये एक वाद वारंवार होतो. रंगाईवाला म्हणतो, "साहेब, मशीनवर सगळे लॉट एकच्या आत आहेत. रिपोर्ट बघा." समोरून पार्टी म्हणते, "रिपोर्ट ठेवा बाजूला, शर्टाची बाही आणि अंग वेगळं दिसतंय." दोघंही खरं बोलत असतात. मग बिलातून रक्कम कापली जाते आणि तो फटका प्रोसेसवाल्यापासून खर्चीवर माग चालवणाऱ्यापर्यंत पोहोचतो. कारण रंगाचा माल अडकला की विणाईचे पैसेही अडकतात.

हा वाद बहुतेक वेळा यंत्र बिघडल्यामुळे होत नाही. यंत्राने दिलेल्या आकड्याचा अर्थ काय आणि हद्द कशासाठी ठरवली, हे आधी नक्की न केल्यामुळे होतो. आकाशी रंगाच्या सुती शर्टिंगचं एक उदाहरण धरून हा हिशोब समजून घेऊ.

एकच रेसिपी, तरी शेड वेगळी का येते?

रंगाईत एका वेळी एका मशीनमध्ये जेवढं कापड रंगतं, तो एक लॉट. पाच हजार मीटरची ऑर्डर असेल तर ती साधारण एका दमात रंगत नाही. समजा हजार-हजार मीटरचे पाच लॉट झाले. पाचही लॉटना रंग, मीठ आणि सोडा तेवढाच टाकला, तरी शेड तंतोतंत एक येत नाही.

सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगाईत याची कारणं ठरलेली आहेत. ग्रे कापडाचं सूत वेगवेगळ्या कापसाचं असतं. एका लॉटचं ब्लीचिंग जास्त झालं, तर ते कापड रंग वेगळा ओढतं. पाण्याचा जडपणा बदलतो. मशीनमध्ये पाणी थोडं जास्त घेतलं तर रंग फिका बसतो. सोडा पाच मिनिटं लवकर पडला किंवा तापमान दोन-चार डिग्रीने हललं, तरी शेड सरकते. रेसिपीत तीन रंग मिसळलेले असतील, तर ते तिन्ही सारख्या प्रमाणात सरकत नाहीत. त्यामुळे कापड नुसतं गडद किंवा फिकं न होता लालसर किंवा हिरवट होतं.

थोडक्यात, लॉटमध्ये फरक येणारच. तो किती चालेल आणि कुठल्या बाजूला चालेल, एवढंच ठरवायचं असतं.

यंत्र नेमकं काय मोजतं?

प्रयोगशाळेत टेबलावर ठेवलेलं हे यंत्र म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर. त्याच्या गोल तोंडावर कापड लावलं की ते कापडावर पांढरा प्रकाश टाकतं. परत आलेला प्रकाश जांभळ्यापासून लालपर्यंत तुकड्या-तुकड्याने मोजतं. निळा किती परत आला, हिरवा किती, पिवळा किती, लाल किती, अशी नोंद ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, सहसा दर १० नॅनोमीटरला होते.

संगणक या नोंदीवरून रंगाची तीन मापं काढतो. पहिलं माप उजेडाचं, म्हणजे रंग किती फिका किंवा गडद आहे. दुसरं भडकपणाचं, म्हणजे रंग किती चटकदार किंवा मळकट आहे. तिसरं छटेचं, म्हणजे आकाशी लालसर झुकतोय की हिरवट. पार्टीने मंजूर केलेल्या नमुन्याला 'स्टँडर्ड' म्हणतात. स्टँडर्ड आणि लॉट यांच्या मापांतला फरक पडद्यावर DL, DC आणि DH अशा तीन ओळींत दिसतो. DL उणे असेल तर लॉट गडद, अधिक असेल तर फिका. DC उणे असेल तर लॉट मळकट. DH छटेचा फरक सांगतो. आपल्या आकाशी रंगात DH अधिक म्हणजे लालसर आणि उणे म्हणजे हिरवट.

या तिन्हींना मिळून एक आकडा निघतो, तो DE, म्हणजे एकूण फरक. 'एकच्या आत पास' म्हणतात तो हाच आकडा. घोळ इथूनच सुरू होतो.

DE कुठल्या सूत्राचा?

DE काढायची सूत्रं एकाहून जास्त आहेत. १९७६ सालचं जुनं सूत्र तिन्ही फरकांना सारखंच वजन देतं. माणसाचा डोळा तसं करत नाही. कापड थोडं गडद झालेलं गिऱ्हाईक सहसा चालवून घेतं, पण छटा बदललेली पटकन खटकते. शिवाय फिक्या, मळकट रंगातला छोटा फरकही दिसतो, तर भडक लालमध्ये तेवढाच फरक दिसत नाही.

म्हणून कापडधंद्यात सीएमसी नावाचं सूत्र जास्त चालतं. ते ब्रिटनमधल्या रंगाई व्यावसायिकांच्या संस्थेच्या रंगमापन समितीने १९८४ मध्ये पुढे आणलं. आज ते आंतरराष्ट्रीय मानकातही आहे. पडद्यावर ते DE CMC 2:1 असं दिसतं. त्यातल्या 2:1 चा अर्थ असा, की गडद-फिक्याच्या फरकाला दुप्पट सवलत दिली आहे.

आपल्या आकाशी शर्टिंगवर हे सूत्र कसं चालतं ते बघा. स्टँडर्डचा उजेड ७०, भडकपणा २० आणि छटेचा कोन २५० अंश आहे असं धरू. सूत्र प्रत्येक रंगाला स्वतःचे भागाकार काढून देतं. या रंगासाठी ते असे येतात: गडद-फिक्याच्या फरकाला सुमारे २.५७ ने भागायचं, भडकपणाच्या फरकाला १.६५ ने आणि छटेच्या फरकाला १.१० ने. मग आलेल्या प्रत्येक आकड्याचा वर्ग करायचा, तिन्ही वर्गांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. हे काम संगणक करतो, पण आत काय चालतं ते माहीत असावं.

आता एक लॉट नुसता १.० ने गडद आहे. जुन्या सूत्रात त्याचा DE १.० येतो. सीएमसीत १.० भागिले २.५७, म्हणजे ०.३९. दुसरा लॉट नुसता छटेत १.० ने सरकलाय. जुन्या सूत्रात त्याचाही DE १.० च. सीएमसीत मात्र १.० भागिले १.१०, म्हणजे ०.९१. जुनं सूत्र दोघांना सारखं मानतं. सीएमसी सांगतं की दुसऱ्या लॉटचा फरक पहिल्याच्या दुपटीहून जास्त खटकणार आहे.

त्यामुळे पार्टी एका सूत्राने मोजत असेल आणि प्रोसेस दुसऱ्या सूत्राने, तर दोघांचा '१.०' एकच नसतो. वाद मिटवायला बसलात, की आधी दोन्ही रिपोर्टवर सूत्राचं नाव तपासा.

पाच लॉटचा हिशोब

समजा पार्टीने हद्द दिली: सीएमसी २:१ ने DE १.० च्या आत. पाच लॉट मोजले आणि असे निघाले:

- लॉट १: १.० ने गडद, बाकी फरक नाही. DE ०.३९. पास.
- लॉट २: छटा ०.८ ने लालसर. DE ०.७३. पास.
- लॉट ३: ०.३ ने फिका, ०.२ ने भडक, ०.१ ने लालसर. DE ०.१९. पास.
- लॉट ४: छटा ०.८ ने हिरवट. DE ०.७३. पास.
- लॉट ५: छटा १.३ ने लालसर. DE १.१८. नापास.

पाचवा लॉट बाजूला काढला आणि त्याची शेड सुधारायला तो परत मशीनवर घेतला. उरलेले चार लॉट पाठवले. कागदावर सगळं ठीक आहे.

शिलाई कारखान्यात मात्र कापडाचे थर एकावर एक टाकून कापणी होते. थरात वेगवेगळे तागे मिसळले आणि तुकड्यांवर नंबर टाकून ते वेगळे ठेवले नाहीत, तर एका शर्टाची बाही लॉट २ ची आणि अंग लॉट ४ चं येऊ शकतं. लॉट २ स्टँडर्डपासून ०.८ ने लाल बाजूला आहे. लॉट ४ तेवढाच हिरव्या बाजूला आहे. म्हणजे त्या दोघांमध्ये छटेचा फरक झाला १.६. त्याला १.१० ने भागलं की DE येतो सुमारे १.४५.

दोन्ही लॉट पास आहेत, पण एकमेकांशी ताडले तर नापास आहेत. पार्टी जे बघते ते शर्टावर शेजारी-शेजारी शिवलेले दोन तुकडे. तिथे स्टँडर्डचा नमुना कुणी बघत नाही.

एक गोष्ट आणखी. लॉट २ आणि लॉट ४ दोघांचा DE तोच ०.७३ आहे. नुसता DE बघणाऱ्याला ते जुळे वाटतील. DE किती दूर ते सांगतो, कुठल्या दिशेला ते सांगत नाही. दिशा हवी असेल तर वरच्या तीन ओळी वाचाव्याच लागतात.

तागे वाटायचा उपाय: ५५५

मिसळीचा हा धोका टाळायला कापडधंद्यात तागे शेडप्रमाणे गटांत वाटतात. तीन आकड्यांच्या या पद्धतीला ५५५ म्हणतात. पहिला आकडा गडद-फिक्याचा, दुसरा भडकपणाचा, तिसरा छटेचा. ५ म्हणजे मधला कप्पा, जिथे स्टँडर्ड बसतं. एका बाजूच्या कप्प्याला ६, दुसऱ्या बाजूच्या कप्प्याला ४.

आपल्या आकाशीसाठी कप्प्यांची रुंदी अशी ठेवू: गडद-फिक्याला १.२, भडकपणाला ०.८, छटेला ०.६. म्हणजे छटेचा मधला कप्पा उणे ०.३ पासून अधिक ०.३ पर्यंत. त्याप्रमाणे लॉट ३ बसतो ५५५ मध्ये. लॉट १ गडद आहे, तो ४५५. लॉट २ होतो ५५६ आणि लॉट ४ होतो ५५४.

आता ताग्याच्या चिठ्ठीवर हा नंबर लिहायचा आणि शिलाईवाल्याला एकच गोष्ट सांगायची: एका शर्टात एकाच नंबरचं कापड. कप्प्याची रुंदी अंदाजाने घेतलेली नाही. एकाच कप्प्याच्या दोन टोकांना असलेले दोन तागे घेतले, तरी त्यांच्यातला सीएमसी फरक सुमारे ०.८७ येतो, म्हणजे एकच्या आत. कप्पे फार रुंद केले तर वाटणीचा उपयोग राहत नाही. फार अरुंद केले तर दर कप्प्यात दोन-दोन तागे उरतात आणि शिलाईवाला वैतागतो.

लहान शिलाई युनिटला वाटणी जमत नसेल आणि कापड मिसळूनच कापलं जाणार असेल, तर दुसरा सोपा नियम आहे: हद्द निम्मी करायची. प्रत्येक लॉट स्टँडर्डपासून ०.५ च्या आत ठेवला, तर दोन लॉट अगदी विरुद्ध बाजूला गेले तरी त्यांच्यातला फरक साधारण १.० वरच थांबतो. अर्थात ०.५ मध्ये लॉट काढणं अवघड असतं. जास्त लॉट परत घ्यावे लागतात आणि खर्च वाढतो. म्हणून कापड कसं कापलं जाणार आहे, हे भाव ठरवतानाच विचारलं पाहिजे.

हद्द कुणी आणि कशी ठरवायची?

'सगळीकडे एक चालतो' म्हणून १.० लिहून टाकणं ही सवय आहे, पद्धत नाही. पार्टीच्या डोळ्याला किती चालतं हे मोजून काढता येतं. त्यासाठी नवीन काही घ्यावं लागत नाही, जुने तुकडे लागतात.

त्याच शेडचे किंवा त्याच्या जवळच्या शेडचे २५-३० जुने लॉटचे तुकडे गोळा करायचे. त्यात अगदी जवळचे, मधले आणि उघड बिघडलेले, असे सगळे हवेत. पार्टीच्या माणसाला शेड तपासायच्या दिव्याच्या पेटीसमोर बसवायचं. एकेक तुकडा स्टँडर्डला खेटून ठेवायचा आणि त्याच्याकडून फक्त 'चालेल' किंवा 'नाही चालणार' एवढंच घ्यायचं. यंत्राचा आकडा त्याला आधी सांगायचा नाही. दुसऱ्या दिवशी तुकड्यांचा क्रम बदलून तेच पुन्हा करायचं. कारण एकच माणूस मधल्या तुकड्यांवर दोन दिवशी दोन उत्तरं देतो.

मग सगळे तुकडे यंत्रावर मोजून आकड्याच्या क्रमाने मांडायचे. समजा ०.७ पर्यंतचे सगळे 'चालेल' निघाले, ०.७ ते १.१ मध्ये कधी हो कधी नाही, आणि १.१ च्या पुढे सगळे 'नाही'. याचा अर्थ या पार्टीसाठी आणि या शेडसाठी बिनवादाची हद्द ०.७ आहे. त्याच्या पुढचा पट्टा वादाचा आहे. तिथले लॉट पाठवण्याआधी तुकडा दाखवून होकार घ्यायचा, असं दोघांनी ठरवून टाकावं.

याच मांडणीत दिशाही कळते. कित्येकदा पार्टीने नाकारलेले तुकडे एकाच बाजूचे निघतात. समजा हिरवट झालेले तुकडे ०.५ वरच नाकारले गेले आणि लालसर झालेले ०.९ पर्यंत चालले. मग एकच DE लिहिण्याऐवजी छटेसाठी वेगळी ओळ लिहावी: हिरवट बाजूला एवढं, लालसर बाजूला एवढं. त्यात रंगाईवाल्याचाही फायदा आहे. रेसिपी ठरवतानाच त्याला कळतं, की चुकलंच तर कुठल्या बाजूला चुकलेलं परवडेल.

शेवटी प्रोसेसने स्वतःसाठी हद्द थोडी आत ठेवावी. तोच तुकडा यंत्रावरून काढून परत लावला तर आकडा जरा हलतोच. पार्टीचं यंत्र दुसरं असेल तर आणखी हलतो. किती हलतो ते बघायला एकच तुकडा दहा वेळा काढून-लावून मोजायचा. आकडे ०.२ पर्यंत हलत असतील आणि पार्टीची हद्द १.० असेल, तर घरची हद्द ०.८ ठेवावी. नाहीतर इथे ०.९५ ने पास झालेला लॉट तिथे १.०५ ने नापास होतो आणि माल निघून गेल्यावर कळतं.

मोजताना आकडा कुठे चुकतो?

खोटा आकडा येण्याची कारणं फार साधी असतात.

गरम किंवा ओलं कापड. ड्रायरवरून आलेला किंवा नुकताच इस्त्री केलेला तुकडा लगेच मोजला, तर शेड वेगळी येते. ओलसर कापड गडद दिसतं. तुकडा निवू द्यायचा आणि खोलीतल्या हवेशी जुळू द्यायचा. मानक प्रयोगशाळेत हवा साधारण २० डिग्री आणि ६५ टक्के आर्द्रतेवर ठेवतात. एवढी सोय नसेल, तर निदान स्टँडर्ड आणि लॉट दोन्ही एकाच खोलीत सारखा वेळ ठेवून मोजावेत.

एकेरी कापड. पातळ शर्टिंग एकेरी लावलं तर प्रकाश आरपार जातो आणि मागचंही मोजलं जातं. चार घड्या घालायच्या. तरीही आरपार दिसत असेल तर आणखी घालायच्या. दर वेळी घड्या तेवढ्याच हव्यात.

एकाच जागी मोजणं. विणीला दिशा असते. म्हणून कापड थोडं फिरवून, जागा बदलून चार वेळा मोजायचं आणि सरासरी घ्यायची. टॉवेलसारख्या लव असलेल्या कापडात हे जास्त सांभाळावं लागतं. तिथे लव कुठल्या बाजूला झुकली आणि किती दाबली यावरून आकडा बदलतो.

लॉटचा एकच तुकडा. जिगरवर रंगवलेल्या कापडात सुरुवात आणि शेवट यांची शेड वेगळी येऊ शकते. डावा काठ, मध आणि उजवा काठ यांतही फरक पडतो. मधला तुकडा ०.३ ने पास आणि काठ १.२ ने बाहेर, असं होतं. म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही तुकडे घ्यावेत आणि प्रत्येकात तिन्ही जागा मोजाव्यात.

कच्चा माल मोजणं. रिॲक्टिव्ह रंगाईत कापडाला न चिकटलेला रंग साबणाच्या धुलाईत निघतो. ती धुलाई पूर्ण व्हायच्या आधी मोजलेली शेड टिकत नाही. सॉफ्टनर आणि फिनिशनंतरही शेड सरकते. म्हणून ज्या अवस्थेत माल जाणार, त्याच अवस्थेत मोजावा.

मळलेलं स्टँडर्ड. पार्टीने दिलेला तुकडा दहा हातांतून फिरतो, उन्हात पडतो, पिवळा पडतो. तो आल्या दिवशीच यंत्रावर मोजून ठेवायचा आणि तुकडा काळ्या पाकिटात बंद करायचा. पुढे सगळी तुलना साठवलेल्या मापाशी करायची. मोठ्या पार्ट्या हे माप QTX नावाच्या फाइलमध्ये पाठवतात. ती मागून घ्यावी.

यंत्र रोज सुरू करताना सोबतची पांढरी टाइल लावून जुळवून घ्यायचं असतं. ती टाइल धुळीची किंवा बोटांच्या ठशांची असेल, तर त्या दिवसाचे सगळे आकडे संशयाचे.

कारखान्यात जुळलं, दुकानात फुटलं

कधी कधी दोन तुकडे दिवसाच्या उजेडात एक दिसतात आणि दुकानाच्या दिव्याखाली वेगळे. दोन्ही तुकड्यांत रंगांची मिसळ वेगळी असली की असं होतं. एका रेसिपीने रंगवलेल्या लॉटमध्ये हा त्रास कमी असतो. पण मध्येच एखादा रंग संपला आणि दुसऱ्या कंपनीचा घातला, किंवा बिघडलेला लॉट दुरुस्त करताना वेगळाच रंग टाकला, तर हमखास डोकं वर काढतो. वरच्या उदाहरणातला लॉट ५ दुरुस्त होऊन आला की त्याची ही तपासणी आधी करावी.

यंत्राला यासाठी वेगळं मोजावं लागत नाही. एकदा मोजलेल्या मापावरूनच ते दिवसाच्या उजेडाचा आणि दुकानातल्या दिव्याचा, दोन्हींचा फरक काढून देतं. पडद्यावर दिवसाचा उजेड D65 नावाने, दुकानातली ट्यूब TL84 नावाने आणि पिवळा बल्ब A नावाने असतो. रिपोर्टवर एकच दिवा दिसत असेल तर दुसराही मागावा.

मोबाइलचा फोटो चालतो का?

व्हॉट्सॲपवर शेडचा फोटो पाठवून 'ओके' घेण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. तिचा भरवसा धरू नये. फोनचा कॅमेरा उजेड बघून रंग आपोआप बदलतो. त्यातून पाठवणाऱ्याचा पडदा वेगळा, बघणाऱ्याचा वेगळा. एकाच फोटोत शेजारी ठेवलेले दोन तुकडे उघड वेगळे आहेत की नाहीत, एवढं कळू शकतं. हद्दीच्या आत-बाहेरचा निकाल त्यावरून लागत नाही. 'ओके' घ्यायचाच असेल, तर कापडाचा तुकडा आणि रिपोर्ट पाठवून घ्यावा.

ज्यांच्याकडे यंत्र नाही, त्यांच्यासाठी ग्रे स्केल नावाची राखाडी जोड्यांची पट्टी मिळते. दोन तुकड्यांतला फरक पट्टीवरच्या कुठल्या जोडीएवढा दिसतो, ते बघून १ ते ५ असा दर्जा देतात. ५ म्हणजे फरक नाही. योग्य दिव्याखाली वापरली तर नुसत्या नजरेपेक्षा ती बरी. दिशा मात्र ती सांगत नाही.

ऑर्डरच्या कागदावर काय लिहून घ्यावं?

नुसतं 'शेड मॅच असावी' किंवा 'DE १.० च्या आत' लिहिलं, तर वाद झाल्यावर ते कुणाच्याच कामी येत नाही. एवढ्या ओळी हव्यात:

- स्टँडर्ड कोणतं: तुकड्याचा नंबर, तारीख आणि साठवलेलं माप.
- सूत्र कोणतं: उदाहरणार्थ सीएमसी २:१.
- पहिला दिवा कोणता, दुसरा कोणता आणि प्रत्येकाची हद्द किती.
- एकूण DE ची हद्द आणि छटेची वेगळी हद्द, दोन्ही बाजूंसाठी.
- काठ-मध-काठ आणि सुरुवात-शेवट यांच्यात किती फरक चालेल.
- लॉट-लॉटमध्ये किती फरक चालेल, आणि कापड वाटून कापणार की मिसळून.
- किती घड्या, किती वेळा मोजणार, फिनिशच्या आधी की नंतर.
- हद्दीच्या काठावरचा लॉट कोण बघून ठरवणार.

यातली लॉट-लॉटमधल्या फरकाची ओळ बहुतेक कागदांवर नसते. वरच्या उदाहरणात माल नाकारला गेला तो नेमका त्याच जागी. चारही लॉट स्टँडर्डशी जुळले होते, पण लॉट २ आणि लॉट ४ एकमेकांशी जुळतात का, हे कुणी तपासलंच नव्हतं. ताग्यावर ५५६ आणि ५५४ लिहिलं असतं, तर त्याच कापडाचे शर्ट दोन ढिगांत शिवून गेले असते आणि बिल पूर्ण मिळालं असतं.